एकाच प्रकल्पाचे तीन एनपीव्ही: पहिल्या दोन वर्षांच्या तोट्याचं शीटमध्ये नक्की काय करायचं?

ओझरचा_अभि

नमस्कार मंडळी. कांदा-लसूण सुकवून चकत्या आणि पावडर करायचा कारखाना काढतोय. नवी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, पहिलं वर्ष 2026-27. मी मेकॅनिकल इंजिनिअर, ड्रायर कळतो, कर कळत नाही.

खर्च 250 लाख: 200 ची यंत्रं, 50 खेळतं भांडवल. घसारा आणि कर वजा करण्याआधीचा नफा पाच वर्षांत अनुक्रमे उणे 30, उणे 10, मग 40, 70 आणि 90 लाख धरलाय. पाचव्या वर्षानंतर 90 वरच स्थिर. यंत्रं ऑगस्टपर्यंत चालू होतील, म्हणून पहिल्याच वर्षी 15% चा पूर्ण घसारा. कराचा दर सवलतीचा 22%, अधिभार आणि उपकर धरून 25.168%. डिस्काउंट रेट 15%. कर्जाचं व्याज मुद्दाम बाहेर ठेवलंय, आधी नुसता प्रकल्प पाहू म्हणून.

घोळ असा की तीन जणांनी तीन उत्तरं काढली. माझा एनपीव्ही, म्हणजे पुढच्या सगळ्या रोखीची आजची किंमत वजा खर्च, 64 लाख. बँकेच्या सल्लागाराचा 44. सीएकडच्या आर्टिकल मुलाचा 79. विक्री, खर्च, घसारा तिघांचा एकच. फरक फक्त कराच्या ओळीत आहे. बरोबर कोण?

टक्केटोणपे

सोपं आहे. तोट्याच्या वर्षी कर शून्य आणि तो तोटा 8 वर्षं पुढे ओढता येतो. बँकवाल्याने ते धरलंच नसणार, म्हणून त्याचा आकडा कमी. सीएच्या ऑफिसातून आलेला आकडा बरोबर असणार. 79 धरून पुढे चला.

जमाखर्च

टक्केटोणपे, बँकेच्या सल्लागाराबद्दल तुमचं बरोबर आहे. बाकी घाई झाली. अभि, तुझ्या शीटमध्ये पहिल्या वर्षी कराच्या ओळीत काय आहे? मला वाटतं तिथे उणे 15 दिसत असेल.

ओझरचा_अभि

हो! उणे 15.1, आणि दुसऱ्या वर्षी उणे 8.9. नफा गुणिले दर असा फॉर्म्युला ओढत नेला होता.

जमाखर्च

तेच. उणे कर म्हणजे सरकार तुला पहिल्या वर्षी 15 लाख रोख देतंय असं तुझं शीट म्हणतंय. नव्या कंपनीला कोणी तसे देत नाही. तिला मिळतो तो पुढच्या नफ्यातून तोटा वळता करून घ्यायचा हक्क. पैसा तोच, पण उशिरा.

तुझेच आकडे घेते, सगळे लाखांत. घसारा पाच वर्षं 30, 25.5, 21.7, 18.4, 15.7. तो वजा केल्यावर पहिल्या वर्षी उणे 60, दुसऱ्या वर्षी उणे 35.5. दोन्ही मिळून 95.5 चा तोटा साठला. तिसऱ्या वर्षी नफा 18.3, तो पूर्ण वळता होतो, कर शून्य. चौथ्या वर्षी 51.6, तोही वळता, कर शून्य. पाचव्या वर्षी 74.3 नफा आणि साठ्यात उरलेत 25.6. म्हणून कर 48.7 वरच, 12.3 लाख. तोटा नसता तर 18.7 भरावे लागले असते.

एकूण वाचलेला कर 24 लाख. तुझ्या शीटमध्येही बेरीज 24 च आहे, फक्त तू तो पहिल्या-दुसऱ्या वर्षात घेतलास आणि खरा तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यात येतो. 15% ने आजच्या किमतीत आणलं तर तुझ्या पद्धतीने तो 19.9 लाखांचा, खऱ्या वेळापत्रकाने 13.7 चा. हे 6.2 लाख तू जास्त धरलेस. बँकेच्या सल्लागाराने तोट्याच्या वर्षी शून्य कर लावला आणि तिसऱ्या वर्षापासून पूर्ण. तोटा विसरूनच गेला, म्हणून त्याच्याकडे हे 13.7 अजिबात नाहीत.

शीटमध्ये तोट्याचा वेगळा खतावणीसारखा पट्टा ठेव. D6 मध्ये त्या वर्षाचा करपात्र नफा किंवा तोटा, D8 मध्ये सुरुवातीची शिल्लक, तर

```
वळता केलेला (D9):  =MAX(0, MIN(D6, D8))
अखेरची शिल्लक:     =D8 - D9 + MAX(0, -D6)
कर:                =MAX(0, D6 - D9) * 25.168%
```

याप्रमाणे एनपीव्ही येतो साधारण 58.

ओझरचा_अभि

दंडवत ताई. म्हणजे 44, 58, 64. आता कळलं. पण आर्टिकल मुलाने तर तोटा पुढे ओढलाच आहे. वर्षवार कर तुमच्यासारखाच: 0, 0, 0, 0, 12.3. तरी त्याचे 79 कसे?

निफ्टीनाना

चांगला धागा. माझा ऑप्शन्समध्ये मागच्या वर्षी 3 लाखांचा तोटा झालाय, पगार 14 लाख. तो पगारातून वजा होईल का? आणि यालाही 8 वर्षं का?

जमाखर्च

नाना, इथे विषय वेगळा आहे, पण थोडक्यात: एफ अँड ओ चा तोटा धंद्याचा धरतात, तो पगारातून वजा होत नाही. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर 8 वर्षं धंद्याच्या नफ्यातून वळता होईल. इंट्राडे शेअर्सचा असेल तर सट्ट्याचा, त्याला 4 वर्षं. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

रेवदंडकर

बँकेत प्रकल्प कर्जं तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली, म्हणून 79 चा वास लगेच आला. त्याची टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे पाचव्या वर्षानंतरच्या सगळ्या वर्षांची मिळून धरलेली किंमत, बघ. पाचव्या वर्षाची करानंतरची रोख भागिले 0.15 असं केलंय का?

ओझरचा_अभि

हो. 90 वजा 12.3, म्हणजे 77.7. भागिले 0.15, 518 लाख. मीही तसंच केलंय, फक्त माझ्याकडे पाचव्या वर्षाचा कर 18.7 होता.

रेवदंडकर

सापडलं. पाचव्या वर्षी कर 12.3 आहे तो साठ्यातले शेवटचे 25.6 लाख वळते झाले म्हणून. सहाव्या वर्षी साठा शून्य. पण त्या पोराने तेच वर्ष उचलून कायमचं करून टाकलं. म्हणजे दरवर्षी 6.4 लाखांचा कर कधीच भरायचा नाही, प्रलयापर्यंत. 6.4 भागिले 0.15 म्हणजे 43 लाख, आजच्या किमतीत 21 लाखांच्या वर. गंमत बघा, पुढे ओढलेल्या पूर्ण तोट्याची खरी किंमत 13.7 लाख, आणि तो नीट हाताळायच्या नादात झालेली चूक 21 ची.

मजा म्हणजे तुझी चुकीची पद्धत इथे वाचली, कारण तुझा पाचव्या वर्षाचा कर पूर्ण होता.

अशी शीटं माझ्याकडे खूप यायची. ओळखायची खूण एकच: शेवटच्या वर्षाचा कर भागिले त्याच वर्षाचा, जुना तोटा वळता करण्याआधीचा, करपात्र नफा करून बघायचं. 25.168% च्या जवळ नसेल तर एक तर अंदाजाची वर्षं वाढवा, साठा संपून निदान एक वर्ष पूर्ण कर भरेपर्यंत, किंवा टर्मिनलसाठी कर हाताने पूर्ण लावा.

टक्केटोणपे

मान्य, 79 मागे घेतो. पण मग 80-आयएसी का नाही घेत? स्टार्टअपला तीन वर्षं 100% सूट. तोटा पुढे ओढा आणि वर सूटही घ्या, दुहेरी फायदा.

जमाखर्च

दुहेरी होत नाही. एक म्हणजे 22% च्या दराचा पर्याय निवडला की ती सूट मिळत नाही. ती हवी तर नेहमीच्या दरात राहावं लागतं आणि मग मॅटचं, म्हणजे किमान पर्यायी कराचं, झेंगट मागे येतं. दुसरं म्हणजे आधी जुना तोटा वळता होतो आणि उरलेल्या नफ्यावर सूट. अभिच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी उरतंच काय? सूट घ्यायचीच तर पहिल्या दहातली कोणतीही सलग तीन वर्षं निवडता येतात, ती साठा संपल्यानंतरची घ्यावीत. आणि केंद्राच्या उद्योग विभागाची, डीपीआयआयटीची, स्टार्टअप म्हणून मान्यता म्हणजे ही सूट नव्हे, त्यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

बाळासाहेब_विंचूरकर

मी हिशेबातला माणूस नाही, पण या विषयात हात पोळलेला आहे. आमची बेदाण्याची कंपनी. पहिल्या वर्षी तोटा झाला. आमचा जो कोणी हिशेबनीस होता तो म्हणाला, कर भरायचाच नाहीये तर रिटर्नची घाई कशाला, डिसेंबरात भरू. भरलं. तीन वर्षांनी नफा झाला तेव्हा नव्या सीएबाईंनी सांगितलं की त्या वर्षीचा धंद्याचा तोटा गेला, रिटर्न मुदतीनंतरचं आहे. मी म्हटलं अहो दंड घ्या, व्याज घ्या. त्या म्हणाल्या, पैशाचा प्रश्नच नाही, हक्कच गेला.

तरी सगळं गेलं नाही. घसाऱ्याचा भाग वाचला. का वाचला ते मला आजही नीट समजलेलं नाही.

जमाखर्च

बाळासाहेब, तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत, आणि मी वर एक सोय केली होती ती आता मोडते. 95.5 चा एकच साठा धरला, पण कायद्यात ते दोन वेगळे साठे आहेत. अभिच्या पहिल्या वर्षाच्या 60 पैकी 30 धंद्याचा तोटा, 30 शोषला न गेलेला घसारा. दुसऱ्या वर्षी 10 आणि 25.5. म्हणजे तोटा 40, घसारा 55.5.

तोट्याला 8 वर्षांची मुदत, रिटर्न वेळेत भरण्याची अट आणि धंद्याच्याच नफ्यातून वळता करण्याची मर्यादा. घसाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. तो कितीही वर्षं चालतो, रिटर्न उशिरा गेलं तरी टिकतो आणि पगार सोडून इतर उत्पन्नातूनही वळता होतो. म्हणून तुमचा घसारा वाचला. वळता करायचा क्रम मात्र ठरलेला: आधी चालू वर्षाचा घसारा, मग जुना तोटा, मग जुना घसारा. हा क्रम तसा करदात्याच्या बाजूचाच, ज्याला मुदत आहे ते आधी संपतं.

अभि, दोन्ही वर्षांची रिटर्नं तू उशिरा भरलीस तर 40 चा साठा जातो. तिसरं वर्ष घसाऱ्यावर निभावतं, पण चौथ्या वर्षी 3.6 लाख कर लागतो आणि पाचव्या वर्षी 6.4 जास्तीचा. दहा लाख गेले, एका तारखेपायी.

त्यामुळे शीटमध्ये पट्टे दोन ठेव. आठ वर्षांची मुदत तुझ्या बाबतीत लागणारच नाही, तुझा सगळा साठा पाचव्या वर्षी संपतोय. ज्यांचा नफा सातव्या-आठव्या वर्षी सुरू होतो त्यांनी तोट्याचाही वर्षवार पट्टा ठेवायचा, जुना आधी.

ओझरचा_अभि

नव्या कायद्यात हे बदललंय का? 1 एप्रिल 2026 पासून नवा आहे ना.

जमाखर्च

कलमांचे आकडे आणि भाषा बदलली. आठ वर्षं आणि दोन साठ्यांचा फरक आहे तसाच. सीएशी बोलताना जुनं कलम 72 म्हणालास तरी त्यांना कळेल.

रेवदंडकर

यंत्रं ऑगस्टला चालू होतील हे कोण म्हणालं? ड्रायर आणि वीजजोड दोन्ही एकाच महिन्यात वेळेवर आलेले मी पाहिले नाहीत. वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा, 30 ऐवजी 15. तो बुडत नाही, पुढच्या वर्षांत येतो, त्यामुळे एनपीव्हीला फार धक्का नाही. पण तोट्याची तुझी विभागणी बदलेल.

ओझरचा_अभि

आता खरी अडचण सांगतो, आधी लिहायला संकोच वाटत होता. मी 100% मालक आहे. तिसऱ्या वर्षी एक गुंतवणूकदार 60% हिस्सा घेऊन पैसे घालायला तयार आहे, निर्यातीची ओळ टाकायला. तोट्यावर परिणाम होईल का?

टक्केटोणपे

कंपनी तीच, पॅन तोच. मालक बदलल्याने काय होतंय? तोटा कंपनीचा असतो.

जमाखर्च

सर्वसाधारण तर्क बरोबर आहे, पण प्रायव्हेट लिमिटेडसाठी नेमका इथेच अपवाद आहे, जुनं कलम 79. तोटा झाला त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ज्यांच्याकडे मताधिकाराचे शेअर होते त्यांच्याकडेच, तो वळता करायच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी निदान 51% असले पाहिजेत. अभिकडे 40% उरले की धंद्याचा जुना तोटा बाद.

तारीख बघ. गुंतवणूकदार तिसऱ्या वर्षाच्या 31 मार्चच्या आत आला तर 40 चा पूर्ण साठा गेला, दहा लाखांचा कर. तोच एप्रिलमध्ये आला तर तिसऱ्या वर्षाचे 18.3 वळते होऊन गेलेले असतील, बुडतील फक्त उरलेले 21.7, म्हणजे साडेपाच लाखांचा कर. दोन-तीन आठवडे थांबायची किंमत साडेचार लाख. घसाऱ्याला हे कलम लागत नाही, न्यायालयांनी तो तोट्यापासून वेगळा धरलाय. त्यामुळे 55.5 शाबूत.

पात्र स्टार्टअपला सवलत आहे: 51% ची अट मोडली तरी तोट्याच्या वर्षीचे सगळे भागधारक आपापले शेअर धरून राहिले तर चालतं, तोटा कंपनीच्या पहिल्या दहा वर्षांतला हवा. म्हणजे त्याला नवे शेअर दिलेस आणि तू एकही विकला नाहीस तर वाचशील. मात्र पात्र म्हणजे वर म्हटलं ते मंडळाचं प्रमाणपत्र असलेला.

ओझरचा_अभि

त्याला 20% नवे आणि माझ्यातले विकून बाकीचे हवेत. मग नाहीच बसत. किमतीच्या बोलणीत हे दहा लाख कोणाच्या खिशातून जावेत?

रेवदंडकर

ते तुझ्या बोलण्याच्या कसबावर. गुंतवणूकदाराचा सल्लागार 40 च्या साठ्याला शून्य किंमत लावेल, एवढं नक्की. तू घसाऱ्याचा साठा वेगळा दाखव, त्याची किंमत माग.

आणि एक राहिलं. 58 वर खूश होऊ नकोस. टर्मिनलमध्ये तू 15.7 चा घसारा कायमचा धरलास, पण यंत्रं कायमची टिकतात का? ड्रायरचे पट्टे, ब्लोअर, कटर, सगळं बदलत राहावं लागतं. जेवढा घसारा तेवढी खरेदी धरली तर आजच्या किमतीत 52 लाख वजा होतात. 58 चे पावणेसहा राहिले. त्यात तुझे ते 6.2 लाखांचे उणे कर असते तर प्रकल्प दुप्पट चांगला दिसला असता आणि 40 चा तोटा बुडून दहा लाखांचा कर जास्त लागला तर एनपीव्ही शून्याखाली. एवढ्या अंतरावर तू उभा आहेस.

टक्केटोणपे

बुडालेला दहा लाख कर चौथ्या-पाचव्या वर्षी लागतो ना, मग आजच्या किमतीत कमी होईल की.

रेवदंडकर

बरोबर पकडलंत. तोटा तिसऱ्यातच बुडाला तर जास्तीचा कर चौथ्या वर्षी 3.6 आणि पाचव्यात 6.4, आजच्या किमतीत 5.3 लाख. म्हणजे शून्याखाली नाही, शून्याच्या डोक्यावर. शब्द मागे.

बाळासाहेब_विंचूरकर

अभि, तुमच्या घरचं शीतगृह आहे ना? मागे तुम्हीच एका धाग्यात लिहिलं होतं. ती कंपनी नफ्यात असेल तर हा कारखाना तिच्यातच का काढत नाही?

ओझरचा_अभि

आहे, वडिलांची कंपनी. वर्षाला 80-90 लाख करपात्र नफा असतो.

जमाखर्च

मग तुझे मूळचे 64 चुकीचे नव्हते, चुकीच्या कंपनीत होते! तिथे काढलास तर पहिल्या वर्षाचे उणे 60 शीतगृहाच्या नफ्यातून त्याच वर्षी वजा होतात, 15.1 लाखांचा कर त्याच वर्षी कमी भरावा लागतो. तोही आगाऊ कराच्या हप्त्यांतच, रिफंडची वाट न बघता. पुढे ओढायला काही उरत नाही, म्हणून भागधारक बदलले तरी बुडायलाही काही नाही. फक्त तिथेही 22% चाच दर निवडलेला आहे का ते बघ, नाहीतर आकडे बदलतील. आणि पहिल्या वर्षी खेळत्या भांडवलाची ओढाताण असते तेव्हाचे 15 लाख मला एनपीव्हीतल्या 6.2 पेक्षा मोठे वाटतात.

रेवदंडकर

मी याच्या विरुद्ध आहे. कांद्याचा भाव फिरला, निर्यातीवर बंधनं आली आणि कारखाना बसला तर त्याचं कर्ज चालत्या शीतगृहाच्या मानगुटीवर. सहा लाखांसाठी वडिलांची कंपनी टांगायची? शिवाय गुंतवणूकदाराला शीतगृह नकोय, त्याला कांद्याची कंपनी हवीय. नंतर वेगळी काढायला विलगीकरणाची योजना, एनसीएलटी म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाची मंजुरी, वर्ष-दीड वर्ष.

जमाखर्च

कर्जाला वैयक्तिक हमी तर दोन्हीकडे वडिलांचीच मागतील. पण गुंतवणूकदाराचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो नक्की येणार आहे की नुसता बोलतोय, यावर सगळं आहे.

ओझरचा_अभि

नुसता बोलतोय, अजून कागद नाही. वडिलांशी रविवारी बसतो. दोन पट्टे असलेलं शीट दोन्ही मांडण्यांसाठी करतोय, दुरुस्तीच्या खरेदीची ओळही टाकतोय. ब्लोअर किती वर्षांनी बदलावा लागतो हे कोणाला प्रत्यक्ष माहीत असेल तर सांगा, कोटेशनवाला दहा वर्षं म्हणतोय.

बाळासाहेब_विंचूरकर

दहा? बेदाण्याच्या शेडमधले आमचे चार वर्षांत गेले. कांद्याची वाफ तर आणखी वाईट. फोटो टाकतो संध्याकाळी.